तिळगूळ घ्या, गोड गोड बोला: जपानी मैत्रिणीला हे कसं समजावलं

यंदा संक्रांतीला सकाळी उठून मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना मेसेज टाकला, तिळगूळ घ्या गोड गोड बोला, आणि त्या यादीत माझी एक जपानी मैत्रीणही होती, तिलाही तो मराठीतच गेला. ती काही वर्षांपूर्वी नाशकात कामानिमित्त सहा महिने राहायला होती, आमच्याच बिल्डिंगमध्ये, एप्रिलमध्ये आली आणि ऑक्टोबरात परत गेली, त्यामुळे तिने गणपती बघितले, नवरात्र बघितलं, पण संक्रांत काही तिच्या वाट्याला आली नाही. तिने मेसेज फोनवर भाषांतर करून वाचला आणि अर्ध्या तासाने जरा काळजीनेच विचारलं, की तीळ घ्या आणि गोड बोला म्हणजे मी तुझी स्तुती करायची आहे का, तुला कोणी काही बोललंय का?

मला आधी कळेचना की हिला स्तुती कुठून दिसली. मग तिनेच सांगितलं. जपानीत एक वाक्प्रचार आहे, 'गोमा ओ सुरु', शब्दशः अर्थ तीळ खलणं, आणि खरा अर्थ साहेबाची खुशामत करणं, लाळघोटेपणा करणं. खुशामत करणाऱ्या माणसाला 'गोमासुरी'च म्हणतात. भाजलेले तीळ खलात घोटले की ते सुटून खलाला चहूबाजूंनी चिकटतात, तसा हा माणूस जो समोर येईल त्याला चिकटतो, असं त्याचं कारण सांगतात. म्हणजे तिच्या डोक्यात तीळ अधिक गोड बोलणं बरोबर मस्का! आणि मी तिला भल्या सकाळी सांगितलं होतं की घे तीळ आणि लाव मस्का.

मग मी तिला लांबच्या लांब उत्तर लिहिलं, इंग्रजी आणि माझी मोडकीतोडकी जपानी मिसळून, आणि लिहिता लिहिता मलाच जाणवलं की चार शब्दांचं हे वाक्य आपण लहानपणापासून म्हणतो पण त्यातला प्रत्येक शब्द नेमकं काय काम करतो ते कधी थांबून बघितलेलं नसतं. तेच इथे मराठीत मांडतेय, कारण आता बऱ्याच जणांची मुलं परदेशात आहेत, सुना-जावई तिकडचे आहेत, हा प्रश्न कोणाला ना कोणाला येणारच आहे.

सुरुवात मी 'घ्या'पासून केली. भाषांतरात हे वाक्य शुभेच्छेसारखं वाटतं, हॅपी अमुक तमुक सारखं, पण ती शुभेच्छा नाहीच. दिवाळीला आपण म्हणतो दिवाळीच्या शुभेच्छा, म्हणजे तुमचं चांगलं होवो, त्यात समोरच्याने काहीच करायचं नसतं. इथे मात्र दोन क्रियापदं आहेत आणि दोन्ही समोरच्यासाठी आहेत, घ्या आणि बोला. मी माझ्या हाताने तुमच्या हातावर काहीतरी ठेवतेय आणि त्या बदल्यात तुमच्याकडे काहीतरी मागतेय. म्हणजे हा छोटासा व्यवहार आहे, आणि तो एकतर्फी नाही, कारण घेणारा पण लगेच त्याच्याकडचा तिळगूळ माझ्या हातावर ठेवतो आणि तेच वाक्य मला म्हणतो. 'थँक्यू' किंवा 'तुम्हालाही' असं उत्तर इथे चालत नाही, उत्तर म्हणजे तेच अख्खं वाक्य परत. त्यामुळे दोघांनी एकमेकांकडे एकच गोष्ट मागितलेली असते. हातात काही नसेल तर लोक दिलेल्यातलाच अर्धा तुकडा मोडून परत देतात आणि म्हणतात, घ्या.

आणि घ्या की घे. हे तिला पटकन कळलं कारण जपानीत आदराच्या पायऱ्या आपल्यापेक्षाही जास्त आहेत. मी सांगितलं, आजी-आजोबा, सर, शेजारचे काका, ऑफिसातले वरिष्ठ यांना घ्या आणि बोला, आणि भाऊ, मैत्रीण, भाचा यांना घे आणि बोल. आमच्याकडे आईला 'घे' आणि बाबांना 'घ्या', असं का ते मला तिला समजावता आलं नाही, पण बऱ्याच घरांत असंच आहे. साधारण पद्धत अशी की धाकट्याने मोठ्याकडे जायचं, वाकून नमस्कार करायचा आणि मोठ्याने तिळगूळ हातावर ठेवायचा. ही वयाची गोष्ट लक्षात ठेव असं मी तिला लिहिलं, पुढे ती कामाला येणार आहे.

आता तिळगूळ. तीळ तिला सांगायची गरज नव्हती, जपानी स्वयंपाकात तीळ ठायी ठायी असतात. गुळासाठी मी तिला ओकिनावाची काळी साखर आठवायला सांगितली, 'कोकुतो' म्हणतात तिला, उसाचा रस आटवून केलेली, म्हणजे नात्याने ती आपल्या गुळाची बहीणच. पण तिळगूळ म्हणजे तिळावर गूळ घातला असं नाही, आणि ते सांगायला मी तिला आईच्या स्वयंपाकघरातच नेलं.

आई अर्धा किलो बिनपॉलिशचे पांढरे तीळ घेते, तेवढाच किंवा हाताने थोडा कमी चिकीचा गूळ, एक वाटी भाजलेल्या दाण्याचं भरड कूट, अर्धी वाटी डाळं, अर्धी वाटी किसून भाजलेलं सुकं खोबरं, वेलची आणि दोन चमचे तूप. गूळ चिकीचाच लागतो, साध्या गुळाचा लाडू धरत नाही, सुटतो. तो आम्ही अजून रविवार कारंजाजवळच्या ठरलेल्या दुकानातून आणतो. तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचे. पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही आणि मग एकदम ते तडतडायला लागतात, फुगतात, एखादा उडून गालाला लागतो, तेव्हा एक दाणा चावून बघायचा, कुरकुरीत लागला की लगेच ताटात ओतायचे, कढईत ठेवले तर गॅस बंद केला तरी बुडाच्या उष्णतेने जळतात आणि कडू होतात. जळलेले तीळ कितीही गूळ घातला तरी लपत नाहीत.

खरी परीक्षा पाकाची. तूप घालून गूळ वितळवायचा, तो फसफसून वर येतो, रंग जरा गडद होतो, आणि शेजारी वाटीत गार पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकायचा. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा आहे. बोटांनी गोळा करता आला आणि गोळी मऊ राहिली तर मऊ लाडू होतील. आणि गोळी उचलून वाटीत टाकल्यावर 'टण्' असा आवाज आला तर ते कडक लाडू, दातांची परीक्षा बघणारे. मऊ आणि टण् यांच्यात फार तर मिनिटभराचा फरक असतो. आई तेवढ्या वेळात कोणाशी बोलत नाही, फोन घेत नाही, दाराची बेल वाजली तर आम्ही धावतो. पाक जमला की गॅस बंद, सगळं एकदम ओतून ढवळायचं आणि गरम असतानाच हाताला तूप किंवा पाणी लावून लाडू वळायचे, आणि गरम म्हणजे चटका बसेल इतकं गरम, कारण गार झाल्यावर वळलेच जात नाहीत. सगळं घर त्यासाठी ताटाभोवती बसतं, हातांचे तळवे लाल होतात, आणि कोणी हळू वळत असेल तर त्याच्या पुढ्यातलं मिश्रण दगड होतं. मग ते पुन्हा कढईत घालून जरा ऊब द्यायची, एवढाच त्याला उपाय आहे.

हे सगळं मी तिला इतकं सविस्तर का लिहिलं, तर तीळ हा सगळ्यात सुटा दाणा आहे. मुठीत धरा, बोटांतून निसटतो. तांदूळ शिजवला की चिकटतो, तीळ भाजला की आणखीच सुटा होतो. त्याला एकत्र धरायला बाहेरून काहीतरी गरम आणि चिकट लागतं, आणि ते योग्य वेळी लागतं. जपानी वाक्प्रचारातले तीळ खलाला चिकटतात, आपले तीळ एकमेकांना चिकटतात. तिला हा फरक फार आवडला, तिने तेवढ्या वाक्यावर तीन फुलं पाठवली.

तिळाबद्दल अजून एक गोष्ट सांगितली. तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं, थंडीत ते अंगाला हवं असतं, आणि नाशिकची जानेवारीतली थंडी तिने बघितली नसली तरी निफाडचा पारा पेपरात रोज येतो तो मी तिला सांगितला. पण त्याहून मजेची गोष्ट शब्दांत आहे. आपला 'तेल' हा शब्दच मुळात तिळावरून आलाय, संस्कृतात तिल, त्यापासून निघालेलं ते तैल, आणि मग मराठीत तेल. म्हणजे आपण करडईचं तेल म्हणतो, खोबरेल तेल म्हणतो, तेव्हा दर वेळी नकळत तिळाचं नाव घेत असतो. आणि संस्कृतात तेलाला, तुपाला, कुठल्याही स्निग्ध पदार्थाला आणखी एक शब्द आहे, स्नेह. तोच शब्द मायेला, मैत्रीला. तिळात स्नेह आहे म्हटलं की दोन्ही अर्थ एका शब्दात येतात. पूर्वी संक्रांतीला पोस्टाने भेटकार्डं यायची, त्यावर कोपऱ्यात हलव्याचे चार दाणे चिकटवलेले असायचे आणि खाली तिळाची स्निग्धता, गुळाची गोडी असं काहीतरी छापलेलं असायचं, ते याच्यातूनच आलेलं.

मात्र तीळ नेहमी गोडच अर्थाने येतो असं नाही, हेही तिला सांगितलं. कोणी फार चिडलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. कोणासाठी जीव तीळ तीळ तुटतो. आणि काळे तीळ पाण्यात घालून गेलेल्या माणसांना तर्पण करतात, त्या ओंजळीला तिलांजली म्हणतात, आणि म्हणूनच एखाद्या गोष्टीला तिलांजली दिली म्हणजे ती कायमची सोडली. म्हणून तिला आधीच सांगून ठेवलं, तुमच्याकडे काळे तीळ जास्त छान मिळतात हे मला माहीत आहे, पण लाडवाला पांढरेच घे.

आता मुद्द्याचा शब्द, आणि तो गोड नाही, तो 'बोला' आहे. बहुतेक लोक परदेशी माणसाला समजावताना गोड शब्दावरच थांबतात, बी नाईस, स्पीक स्वीटली वगैरे, आणि मग ते लहान मुलांना शिकवायच्या वळणासारखं वाटतं. पण मराठीत 'बोलणं' याचा एक अर्थ असा आहे की जो डिक्शनरीत पटकन सापडत नाही. आपण म्हणतो, ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे तिला घसा नाही असं नाही, म्हणजे आमचं बिनसलंय. आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो. आता ते बोलायला लागलेत. इथे बोलणं म्हणजे संबंध असणं. आणि ते तुटल्याच्या अवस्थेला आपल्याकडे एक वेगळं नामच आहे, अबोला. अबोला धरतात, अबोला सोडतात. भांडण पंधरा मिनिटांचं असतं, अबोला वर्षानुवर्षं चालतो. मी तिला विचारलं की तुमच्याकडे असं काही आहे का, तर तिने लगेच लिहिलं, 'कुची ओ किकानाई', म्हणजे भांडण झाल्यावर एकमेकांशी न बोलणं. हे तिला समजलं आणि मग पुढचं सोपं झालं.

कारण गोड बोला यातला पहिला अर्थ आहे बोला. अबोला असेल तर सोडा. लहान मुलांचं पुढचं कडवं असतं ना, आमचा तिळगूळ सांडू नका आणि आमच्याशी भांडू नका, त्यात हेच सरळ सांगून टाकलेलं आहे.

हे कसं चालतं ते मी तिला आमच्या घरातली गोष्ट सांगून सांगितलं. मी नववीत होते तेव्हा आम्ही जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो, आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. पावसाळ्यात आमच्या बाथरूममधून त्यांच्या छतात पाणी झिरपायला लागलं, पोपडे पडले, भिंतीवर शेवाळ आलं. काकांचं म्हणणं, तुमच्या फरशीतून येतंय, तुम्ही दुरुस्त करा. बाबांचं म्हणणं, बिल्डिंगचा पाइप फुटलाय, सगळ्यांनी मिळून करू. जूनमध्ये जिन्यात दोघांचं वाजलं, बाबा काहीतरी लागेल असं बोलून गेले, काकाही बोलले, आणि त्या दिवसापासून अबोला. सात महिने. जिन्यात समोरून आले की एकजण मोबाइल काढायचा आणि दुसरा कठड्याकडे बघायचा. टाकीच्या पाण्याचा निरोप असेल तर काका मला सांगायचे, तुझ्या बाबांना सांग कॉक बंद करायला, आणि बाबा तिथेच दोन हातांवर उभे असायचे. काकू आणि आई मात्र बोलायच्या, पण दोन्ही पुरुष घरी नसताना.

संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी आई हळदीकुंकवाच्या तयारीत होती आणि बाबा गच्चीवरून पतंग उडवून खाली आले, हातावर मांजाने कापलेलं होतं, वरून अजून गई बोला रे चा आरडाओरडा चालू होता. आईने स्टीलचा डबा त्यांच्या हातात दिला आणि फक्त एवढंच म्हणाली, ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत. मी मागे मागे गेले. काकांनी दार उघडलं. बाबा वाकले, पायाला हात लावला, डबा पुढे केला आणि म्हणाले, तिळगूळ घ्या, गोड बोला.

इथे काय काय झालं ते बघ, असं मी तिला लिहिलं. बाबांनी माफी मागितली नाही. माझं चुकलं असं म्हटलं नाही, पाइपचा विषय काढला नाही. ते वाकले ते चूक होती म्हणून नाही, धाकटे होते म्हणून, आणि त्या दिवशी सगळेच धाकटे सगळ्याच मोठ्यांपुढे वाकत असतात, त्यामुळे त्यात कोणाची हार दिसत नाही. वाक्यही तेच, जे त्या दिवशी दूधवाल्याला आणि बँकेतल्या शिपायाला म्हटलेलं असतं, शब्द ठरलेले असल्यामुळे चुकीचा शब्द निघायची भीती नाही. आणि काकांना नाही म्हणणं जवळजवळ अशक्य होतं, कारण भांडण करणं एक वेळ चालतं पण संक्रांतीला पुढे केलेला तिळगूळ न घेणं म्हणजे फारच झालं. त्यांनी एक लाडू उचलला, तोंडात टाकला. आईचे लाडू त्या वर्षी कडक झाले होते. अर्धा-पाऊण मिनिट दोघंही दारात उभे राहून नुसते चावत होते, कोणालाच बोलता येत नव्हतं, आणि मला आजही वाटतं की सगळं काम त्या अर्ध्या मिनिटाने केलं, कारण गप्प राहायला दोघांकडेही चांगलं कारण होतं. मग काकांनी त्यांच्या घरातली वाटी आणली, बाबांच्या हातावर हलवा ठेवला, म्हणाले, गोड बोला, आणि विचारलं, यंदा गूळ कुठून आणला?

पाइप काही तिळगुळाने दुरुस्त झाला नाही, हेही मी तिला मुद्दाम सांगितलं. फेब्रुवारीत दोघांनी मिळून प्लंबर बोलावला, आमच्याच फरशीच्या सांध्यातून पाणी जात होतं असं निघालं, बाबांनी वॉटरप्रूफिंगचा खर्च दिला आणि छताचा रंग काकांनी स्वतःच्या पैशाने काढला. तिळगुळाने फक्त एवढं केलं की दोघं एका खोलीत बसून प्लंबरचं ऐकू शकले. या वाक्याची ताकद तेवढीच आहे, आणि ती कमी नाही.

आणि दर वेळी होतंच असंही नाही. आमच्याच नात्यात जमिनीच्या वाटणीवरून दोन भावांचा अबोला आहे, दर वर्षी धाकटा मोठ्याकडे जातो, मोठा हात पुढे करतो, तिळगूळ घेतो आणि शेजारच्या टीपॉयवर ठेवून देतो. ओळखायची खूण हीच. समोर तोंडात टाकला तर बोलणं सुरू झालं समजायचं, हातात घेऊन बाजूला ठेवला तर अजून वेळ आहे. तरी धाकटे काका दर वर्षी जातात. परत येऊन म्हणतात, घेतला तरी.

राहिला गोड. तिची पहिली शंका यातच होती, की गोड बोलणं म्हणजे खुशामत. मी सांगितलं की ही शंका मराठी माणसालाही असते. एखाद्याबद्दल 'फार गोड बोलतो' म्हटलं तर ते कौतुक नसतं, सावध राहा असा इशारा असतो. गोड बोलून काम काढून घेतलं, गोड बोलून गळा कापला, हे सगळं आपल्याकडेही आहे. पण त्या गोड बोलण्यात आणि संक्रांतीच्या गोड बोलण्यात फरक आहे, आणि तो गुळात आणि साखरेच्या पाकातल्या चेरीत आहे तेवढा आहे. खुशामत वरच्याची करतात, ज्याच्याकडून काही मिळवायचं असतं त्याची. संक्रांतीला मोठा धाकट्याला पण तेच म्हणतो, सासू सुनेला म्हणते, साहेब शिपायाला म्हणतो. सासूने सुनेच्या हातावर लाडू ठेवून गोड बोल म्हटलं आणि सुनेने लगेच सासूच्या हातावर ठेवून तुम्हीही गोड बोला म्हटलं, तर त्यात मस्का कोण कोणाला लावतंय? शिवाय गोड बोला म्हणजे खरं बोलू नका असंही नाही. छतातून पाणी येतंय हे सांगायचंच आहे, फक्त जिन्यात ओरडून नाही.

बाकीचं मी तिला भराभर सांगितलं. संक्रांत १४ जानेवारीला येते, काही वर्षी १५ ला, कारण ती चंद्रावर नाही, सूर्य मकर राशीत जातो त्यावर ठरते. आदल्या दिवशी भोगी, तेव्हा तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या हिवाळी भाज्या एकत्र केलेली भाजी. दुसऱ्या दिवशी कर. येवल्याला तीनही दिवस पतंग. आणि बायकांची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात, त्यामुळे तिळगूळ तोपर्यंत कधीही दिलेला चालतो, उशीर झाला असं होत नाही. एक जपून राहायची गोष्टही सांगितली, की ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं तिथे बरेचदा सण करत नाहीत, तिथे आपणहून डबा घेऊन जायचं नाही, नुसतं भेटून यायचं. आणि 'संक्रांत आली' हे वाक्य एकटं कुठे वाचलंस तर सण समजू नकोस, 'त्याच्यावर संक्रांत आली' म्हणजे त्याच्यावर संकट कोसळलं.

फॉरवर्डचंही सांगितलं. सकाळी आपण जे दोनशे जणांना पाठवतो त्यात 'घ्या' आहे पण हातावर काही नाही, आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याला तर तो मेसेज जातच नाही, कारण त्याचा नंबर आपण कधीच म्यूट केलेला असतो. मेसेज वाईट नाही, माझा तिला गेला म्हणून तर हे एवढं बोलणं झालं. पण ज्या कामासाठी हे वाक्य घडलंय ते काम दारात उभं राहून, डबा उघडून, समोरच्याच्या तळहातावर ठेवूनच होतं.

दोन दिवस तिचं काही आलं नाही. मग शनिवारी फोटो आला. तिने पांढरे तीळ आणि कोकुतो घेऊन लाडू करायला घेतले होते, पहिली खेप पूर्ण विस्कटलेली, ताटलीत नुसता भुगा, मी बघूनच सांगितलं की पाक कच्चा राहिला, पाण्यातल्या थेंबाची गोळी झाली होती का बघितलं का? म्हणाली, पसरत होता पण मला वाटलं चालेल. दुसऱ्या खेपेला तिने थांबून पाहिलं आणि अकरा लाडू झाले, छोटे, जरा वाकडे, पण धरलेले. एक फोडून दाखवला, आत तीळ छान चिकटले होते.

मी विचारलं, कोणाला देणार एवढे? ऑफिसात सात जणं आहेत म्हणाली, त्यांना 'घ्या' ना, बरोबर? मी म्हटलं बरोबर. मग बराच वेळ टायपिंग दिसत होतं, थांबत होतं, परत दिसत होतं.

शेवटी एकच ओळ आली. धाकटी बहीण असेल, आणि मोठीनेच जायचं असेल, तर काय म्हणायचं?

मी लिहिलं, घे आणि बोल.